ब्रीचनंतर सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावणारी नोटीस कशी लिहावी?

प्रश्न: आमच्या कंपनीत साधारण ३६० लोक आहेत, पुण्यात ऑफिस आणि चाकणला प्लांट. ब्रीच झाल्याचं पक्कं झालंय आणि सगळ्यांचे विंडोज लॉगिनचे पासवर्ड बदलायचेत. नोटीस लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मसुदा केला तर आयटीवाले म्हणतात त्यात चुका आहेत, एचआर म्हणतं लोक घाबरतील, आणि प्लांटवर तो कुणाला कळतच नाही. नेमकं काय लिहू, किती सांगू आणि पाठवू कशी?

उत्तर:

मसुदा बाजूला ठेवा आणि आधी आयटीच्या माणसाकडून चार उत्तरं लेखी घ्या. घुसलेल्या माणसाची वाट बंद झाली आहे का? नेमके कोणते पासवर्ड बदलायचे आणि कोणते नाहीत? जुना पासवर्ड किती वाजता चालायचा थांबणार? आणि तो थांबला की माणसाला स्क्रीनवर काय दिसणार? यातलं एकही उत्तर "बघू" असं आलं तर नोटीस अजून लिहिता येणार नाही, कारण तिचं प्रत्येक वाक्य या चारांपैकी कशावर तरी उभं राहतं.

पहिल्या प्रश्नाला सगळ्यात जास्त महत्त्व द्या. घुसखोर आत असताना लोकांनी पासवर्ड बदलले तर त्याला नवे पासवर्डही मिळतात आणि सगळी कसरत वाया जाते. तुमचा प्रकार बहुधा नेहमीचा आहे असं धरतो: कुणीतरी डोमेन कंट्रोलरपर्यंत, म्हणजे सगळ्यांची विंडोज लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरपर्यंत पोचून तिथली `NTDS.dit` ही फाइल उचलली. तिच्यात डोमेनवरच्या प्रत्येक खात्याच्या पासवर्डचा हॅश, म्हणजे पासवर्डवरून गणिताने काढलेला ठसा असतो, म्हणून एका माणसाच्या चुकीने सगळ्यांचे पासवर्ड बदलावे लागतात. अशा वेळी आधी ॲडमिन खाती, मग `krbtgt` हे अंतर्गत खातं, आणि त्यानंतर कर्मचारी असा क्रम असतो. `krbtgt` चा पासवर्ड दोनदा बदलावा लागतो आणि दोन बदलांमध्ये तिकिटाच्या, म्हणजे लॉगिन झाल्यावर मिळणाऱ्या डिजिटल परवान्याच्या आयुष्याहून जास्त वेळ जाऊ द्यावा लागतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये तिकिटाचं आयुष्य १० तास असतं. थोडक्यात, कर्मचाऱ्यांची पाळी बहुतेक दुसऱ्या दिवशी येते. तुम्हाला मसुद्यासाठी मिळणारा वेळ तेवढाच.

आता भाषा. तुमच्या मसुद्याची सुरुवात कशी असेल याचा अंदाज बांधतो: "कंपनीच्या माहिती-सुरक्षा धोरणानुसार व खबरदारीचा उपाय म्हणून सर्व कर्मचाऱ्यांना सूचित करण्यात येते की, अलीकडे निदर्शनास आलेल्या एका सुरक्षाविषयक घटनेच्या पार्श्वभूमीवर..." इथपर्यंत वाचणाऱ्याच्या हाती काही लागलेलं नाही. प्लांटचा सुपरवायझर शिफ्ट सुरू होताना फोनवर वाचतो. त्याला पहिल्या ओळीत काय करायचं आणि कधीपर्यंत, एवढं मिळालं नाही तर तो फोन खिशात टाकतो. हेच असं लिहा: "आज, मंगळवार १० जून, दुपारी ४ वाजता सगळ्यांचे जुने विंडोज पासवर्ड बंद होतील. त्याआधी पासवर्ड बदला." वार, तारीख आणि वेळ तिन्ही हवेत. "२४ तासांच्या आत" असं लिहिलंत की २४ तास कधीपासून मोजायचे, हा वाद सुरू होतो; रात्रपाळीच्या माणसासाठी तर त्याला काही अर्थच उरत नाही.

"खबरदारीचा उपाय म्हणून" हे शब्द काढाच. ब्रीच पक्का झालाय, तेव्हा ही खबरदारी राहिलेली नाही. ते वाचणारा "म्हणजे फारसं काही नाही" असं समजून काम उद्यावर ढकलतो, आणि आठवड्याने खरं कळलं की तुमच्या पुढच्या नोटिशीवर विश्वास ठेवत नाही. "पासवर्ड एन्क्रिप्टेड होते, काळजी नसावी" हे दुसरं आवडतं वाक्यही खोटं ठरतं. विंडोजच्या या हॅशमध्ये सॉल्ट, म्हणजे दर पासवर्डला वेगळी जोडलेली अक्षरं, नसतो, त्यामुळे छोटे आणि ओळखीचे पासवर्ड पटकन फुटतात. काही हल्ल्यांत तर फोडायचीही गरज पडत नाही, नुसता हॅश पुढे करून आत जाता येतं. नोटिशीत यातलं एवढंच येऊ द्या: "फाइलमध्ये पासवर्ड जसेच्या तसे नव्हते, पण ते शोधून काढता येतात." वाक्य खरं आहे आणि समजायला हॅश माहीत असावा लागत नाही.

किती सांगावं यासाठी माझी फूटपट्टी सोपी आहे. पक्कं कळलंय ते सांगा, कळायचंय ते "अजून तपासतोय" म्हणून सांगा, आणि त्याची पुढची बातमी कधी मिळेल ती वेळ द्या. घुसखोर कुठल्या सर्व्हरवरून आला, तपास कोण करतंय, कुठलं भोक बुजवलं हे नोटिशीत नको. ती बाहेर जाणार हे धरूनच चाला. कुणाच्या मेलवरून सुरुवात झाली हेही नको. तसं लिहिलंत तर पुढच्या वेळी चुकीच्या लिंकवर क्लिक केलेला माणूस गप्प बसेल. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं. ते काम वेगळं आहे आणि कर्मचाऱ्यांच्या नोटिशीच्या आधीच झालेलं असणार. फक्त तिथे दिलेली तारीख आणि नोटिशीतली तारीख एकच आहे ना, तेवढं जुळवून पाहा.

एक अडचण या नोटिशीच्या स्वभावातच आहे: ती हुबेहूब फिशिंग मेलसारखी दिसते. घाई, पासवर्ड, मुदत, "खातं बंद होईल" असं सगळं तिच्यात असतं. वर्षभर तुम्ही लोकांना अशा मेलवर क्लिक करू नका म्हणून सांगितलंय. शिवाय बातमी फुटली की खरोखरच्या खोट्या नोटिसा येतात. म्हणून नोटिशीत लिंक देऊ नका. एकही नाही, क्यूआर कोडही नाही. पासवर्ड कॉम्प्युटरवरच `Ctrl + Alt + Delete` दाबून बदलता येतो, मग लिंक हवी कशाला? आणि "या नोटिशीत एकही लिंक नाही, लिंक असलेली नोटीस आली तर ती आमची नाही" हे वाक्य तुम्हाला फुकटात मिळतं. २०१७ मध्ये इक्विफॅक्सने ब्रीचच्या माहितीसाठी `equifaxsecurity2017.com` असं नवंच डोमेन काढलं. शब्द उलटेपालटे करून एका तंत्रज्ञाने `securityequifax2017.com` अशी नक्कल उभी केली, आणि कंपनीच्याच ट्विटर खात्यावरून लोकांना कितीतरी वेळा त्या नकलेचा पत्ता दिला गेला. नोटिशीतला पत्ता जिथे कंपनीच्याच माणसांना ओळखता आला नाही, तिथे वाचणाऱ्याने तो तपासावा अशी अपेक्षा कशी धरणार?

फोन नंबरचंही तेच. नोटिशीत नंबर छापला की खोट्या नोटिशीत दुसरा नंबर छापता येतो. "आयकार्डच्या मागे छापलेल्या हेल्पडेस्कच्या नंबरवर फोन करा" असं लिहा. आयकार्डवर नंबर नसेल तर लोकांच्या हातात आधीपासून असलेली दुसरी कुठलीही गोष्ट चालेल, उदाहरणार्थ पगाराची स्लिप किंवा प्रत्येक टेबलावरच्या फोनवरचं स्टिकर. फोन उलट दिशेनेही येऊ शकतो, म्हणून "आम्ही कुणालाही फोन करून पासवर्ड किंवा ओटीपी विचारणार नाही" हे हवंच. हेल्पडेस्कला फोन करणारा खरंच तो कर्मचारी आहे हे कसं तपासणार, हेही दोन शब्दांत लिहा. लोकांना आधी माहीत असलं की ते पुराव्यासकट येतात आणि रांगेत वाद होत नाहीत. जन्मतारीख आणि एम्प्लॉयी नंबर हा पुरावा धरू नका. घुसखोराकडे तो असू शकतो.

आता पायऱ्या. इथेच बहुतेक नोटिसा आपटतात, कारण लिहिणाऱ्याने त्या ऑफिसातल्या खुर्चीत बसून तपासलेल्या असतात. घरी बसलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर जुना पासवर्ड साठवलेला असतो, त्यामुळे डोमेनशी संपर्क नसतानाही तो जुन्याच पासवर्डने उघडतो. आयटीने चार वाजता "पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदला" ही खूण लावली तर त्या लॅपटॉपला ते कळतच नाही. तो आरामात उघडतो. मात्र व्हीपीएन जोडायला गेलं की नकार मिळतो, कारण बऱ्याच व्हीपीएनना पासवर्ड बदलायची खिडकी दाखवता येत नाही. आता पासवर्ड बदलायला व्हीपीएन हवं आणि व्हीपीएनला बदललेला पासवर्ड हवा. म्हणूनच मुदतीआधी काही तासांची सवड द्यायची आणि घरून काम करणाऱ्यांसाठी "आधी व्हीपीएन जोडा, मगच पासवर्ड बदला" हा क्रम ठळक लिहायचा.

सवड दिली की दुसरा धोका उभा राहतो: जुना पासवर्ड घुसखोराकडेही आहे, तेव्हा तोही बदलू शकतो. त्या तासांत बाहेरून येणारं प्रत्येक लॉगिन कंपनीच्या लॅपटॉपवरूनच आणि ओटीपीसारख्या दुसऱ्या पुराव्यानेच होईल असं आयटीने करून घ्यायला हवं. नोटिशीत त्यासाठी एकच वाक्य घाला: "तुम्ही पासवर्ड बदललेला नसताना जुना पासवर्ड चुकीचा आहे असं दिसलं तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, लगेच फोन करा." असा एक जरी फोन आला तरी आयटीसाठी तो दिवसातला सगळ्यात मोलाचा फोन असतो.

तिसरी अडचण बारीक आहे, पण दर वेळी येते. विंडोजच्या नेहमीच्या धोरणात पासवर्डचं किमान वय १ दिवस असतं. काल ज्याने आपणहून पासवर्ड बदलला, त्याला आज बदलू देत नाही, आणि वर संदेश असा येतो:

```
Unable to update the password. The value provided for the new
password does not meet the length, complexity, or history
requirements of the domain.
```

म्हणजे दोष नव्या पासवर्डच्या लांबीत वगैरे असल्याचं सांगतो. माणूस दहा वेगवेगळे पासवर्ड टाकून पाहतो आणि वैतागतो. नोटिशीत याचं स्पष्टीकरण देत बसू नका. आयटीला सांगून किमान वय त्या दिवसापुरतं शून्य करून घ्या. "काल बदललाय, आज परत का?" या प्रश्नाचं उत्तर मात्र नोटिशीत हवं.

हे सगळं धरून पूर्ण नोटीस अशी होते. खालच्या तारखा उदाहरणादाखल आहेत.

विषय: आज दुपारी ४ च्या आत विंडोजचा पासवर्ड बदला (सगळ्यांनी)

आज, मंगळवार १० जून, दुपारी ४ वाजता सगळ्यांचे जुने विंडोज पासवर्ड बंद होतील. त्याआधी खाली दिल्याप्रमाणे पासवर्ड बदला. पाच मिनिटांचं काम आहे. काल किंवा आज सकाळी ९ च्या आधी बदलला असेल तरी पुन्हा बदला.

काय झालं: बाहेरच्या कुणीतरी आपल्या सर्व्हरमध्ये शिरून कर्मचाऱ्यांच्या पासवर्डची फाइल नेली, हे रविवारी ८ जूनला आमच्या लक्षात आलं. फाइलमध्ये पासवर्ड जसेच्या तसे नव्हते, पण ते शोधून काढता येतात. त्यांची आत यायची वाट आता बंद केली आहे. पगाराची किंवा बँकेची माहिती गेली का, हे अजून तपासतोय. जे कळलं असेल ते उद्या, बुधवारी सकाळी ११ वाजता सांगू.

ऑफिसात किंवा प्लांटवर असाल तर:
१. चालू काम सेव्ह करा.
२. `Ctrl + Alt + Delete` दाबा आणि `Change a password` निवडा.
३. जुना पासवर्ड एकदा आणि नवा दोनदा टाका.
४. कॉम्प्युटर लॉक करा आणि नव्या पासवर्डने उघडून पाहा.

घरी असाल तर: आधी व्हीपीएन जोडा, मग वरच्या चारही पायऱ्या करा. चौथी पायरी होईपर्यंत व्हीपीएन तोडू नका.

फोनवर ऑफिसचं मेल असेल तर कॉम्प्युटरवर पासवर्ड बदलून झाल्यावरच तो फोनमध्ये टाका.

नवा पासवर्ड निदान १५ अक्षरांचा ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द जोडले तरी चालतील. जुन्याच पासवर्डपुढे आकडा किंवा चिन्ह लावू नका. जुना पासवर्ड बँकेसाठी, स्वतःच्या मेलसाठी किंवा आणखी कुठे वापरत असाल तर तिथलाही आजच बदला.

वजनकाटा, डिस्पॅच आणि गेटवरची सगळ्यांनी मिळून वापरायची लॉगिन तुम्ही बदलू नका. तिथे आयटीचा माणूस येईल.

रजेवर असाल तर आता काही करू नका. परत आल्यावर आयकार्ड घेऊन हेल्पडेस्कला भेटा.

तुम्ही पासवर्ड बदललेला नसताना जुना चुकीचा आहे असं दिसलं, तर पुन्हा पुन्हा प्रयत्न न करता लगेच फोन करा.

मदतीसाठी आयकार्डच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा. तुमचा सुपरवायझर किंवा मॅनेजर तुम्हाला ओळखतो याची आम्ही खात्री करून घेऊ. आम्ही कुणालाही पासवर्ड किंवा ओटीपी विचारणार नाही. या नोटिशीत एकही लिंक नाही. लिंक असलेली नोटीस आली तर ती आमची नाही.

बाहेरच्या कुणी किंवा ग्राहकाने विचारलं तर त्यांना एचआरकडे पाठवा.

(खाली ज्या माणसाला सगळे ओळखतात त्याचं नाव आणि हुद्दा. "आयटी टीम" किंवा उत्तर न देता येणारा मेल पत्ता नको.)

मसुद्यात "संकेतशब्द", "परवलीचा शब्द", "पुनर्स्थापित करा" वापरलं नाही, कारण ते शब्द तिथे कुणी बोलत नाही. बटणांची नावं मात्र स्क्रीनवर दिसतात तशीच इंग्रजी अक्षरांत ठेवली आहेत. "पासवर्ड बदला वर क्लिक करा" असं मराठीत लिहिलं तर माणूस ते शब्द स्क्रीनवर शोधत बसतो. प्लांटवर हिंदी वाचणारेही असतील, तर त्याच कागदाच्या मागच्या बाजूला हिंदी छापा. वेगळी हिंदी नोटीस काढू नका, कारण वेळ बदलली की दोनांपैकी एकीत हमखास जुनीच राहते.

पंधरा अक्षरं वाचून एचआर कुरकुर करेल. दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती नको, लांबी महत्त्वाची, आणि पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तर बदल सक्तीचा, अशीच अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेचीही भूमिका आहे. नवी लांबी आयटीने धोरणात आधीच घातली आहे का, ते विचारून घ्या. नोटिशीत १५ आणि सिस्टिममध्ये ८ असेल तर अर्धे लोक आठच ठेवतील. "दुसरीकडेही बदला" ही ओळ जागा वाचवायला काढू नका. २०१२ मध्ये ड्रॉपबॉक्समध्ये घुसखोर शिरला तो एका कर्मचाऱ्याचा दुसऱ्या साइटवरून चोरीला गेलेला पासवर्ड वापरून. त्या माणसाने दोन्हीकडे तोच ठेवला होता.

पाठवताना मेलवर अवलंबून राहू नका. घुसखोर मेल वाचत असू शकतो, आणि चार वाजता ज्याचा पासवर्ड बंद होतो त्याला तुमची नोटीस उघडताच येत नाही. पहिल्या शिफ्टच्या मीटिंगमध्ये सुपरवायझरने ती मोठ्याने वाचावी, छापील प्रत गेटवर आणि कॅन्टीनमध्ये लावावी, आणि खात्याखात्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मॅनेजरने स्वतःच्या नंबरवरून टाकावी. मेल सगळ्यात शेवटी. शब्द सगळीकडे तेच ठेवा. व्हॉट्सॲपसाठी कुणी "थोडक्यात" करून टाकलं की पहिली गळते ती व्हीपीएनची ओळ.

पाठवायच्या आधी तीन माणसांकडून करून घ्या: ऑफिसातला एक, घरून काम करणारा एक, आणि प्लांटवरचा एक. त्यांच्याशेजारी गप्प बसा. जिथे ते मान वर करून तुमच्याकडे पाहतात, तिथे वाक्य तुटलंय.

रांगेचा हिशोबही आधी करा. ३६० पैकी दहांतला एक फोन करेल असं धरलं तर ३६ फोन होतात. एकाला ८ मिनिटं धरली तर २८८ मिनिटं, म्हणजे दोन माणसं जवळपास अडीच तास फोनवरच. सगळे ९ वाजताच बसले तर सव्वानऊला लाइन लागणार नाही आणि लोक एकमेकांना उपाय सांगू लागतील. म्हणून ऑफिसला ९ ते १२ आणि प्लांटला १२ ते ३ अशी वेळ सुपरवायझर-मॅनेजरांना तोंडी सांगा. नोटिशीत सगळ्यांसाठी एकच मुदत राहू द्या. शुक्रवारी संध्याकाळची मुदत तर कधीच नको, अडकलेला माणूस सोमवारपर्यंत अडकून राहतो.

तीन वाजता आयटीकडून उरलेल्यांची यादी मागवा. ती अशी निघते:

```
Get-ADUser -Filter 'Enabled -eq $true' -Properties PasswordLastSet |
  Where-Object { $_.PasswordLastSet -lt [datetime]'2025-06-10 09:00' } |
  Select-Object Name, PasswordLastSet
```

तिच्यात रजेवरचे, सगळ्यांनी मिळून वापरायची लॉगिन आणि मशीनसाठीची खातीही येतील, ती बाजूला काढा. उरलेल्यांना मॅनेजरने फोन करावा, आणखी एक मेल नको. चार वाजता राहिलेली खाती बंद करून चालू सेशनही तोडायला सांगा. मेल क्लाउडवर असेल तर सेशन तोडल्यानंतरही आधी दिलेलं टोकन, म्हणजे लॉगिन झाल्याची खूण, साधारण तासभर चालू शकतं, म्हणून "माझं मेल अजून चालतंय, मग बदलायची गरज नाही ना?" असे फोन पाच वाजेपर्यंत येतील. हेल्पडेस्कला याचं उत्तर आधीच देऊन ठेवा: गरज आहे.

बुधवारी ११ वाजताची दुसरी नोटीस चार ओळींची असली तरी वेळेवर जाऊ द्या. किती जणांनी बदलला, किती राहिले, पगार-बँकेच्या माहितीबद्दल काय कळलं, आणि काही कळलं नसेल तर "अजून कळलेलं नाही, पुढची माहिती शुक्रवारी सकाळी ११ वाजता". खोट्या नोटिशीचा नमुना कुणी पाठवला असेल तर त्याचा फोटो त्यातच जोडा, लिंक पुसून.